८:२० ला कोन १३० की १२०? आमच्या ओटीवरच्या घड्याळाची केस

मे महिन्यात मालवणला घरी गेलो होतो. बहीण आणि भाची पण आलेल्या. भाची सातवी संपवून आठवीत जाणार, शिष्यवृत्तीचा सराव संच सोबत आणलेला, रोज सकाळी घावणे खाऊन झाले की ओटीवर बसून एक पान सोडवायचं असा तिच्या आईचा नियम. त्या दिवशीच्या पानावर घड्याळाची गणितं होती आणि त्यातल्या एकावरून घरात जे सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. ते सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण घड्याळाच्या काट्यांच्या कोनाचं सूत्र पाठ असलेले खूप जण आहेत पण ते खऱ्या भिंतीवरच्या घड्याळावर लावून बघितलेले फार कमी, आणि लावून बघितलं की त्यातून काय काय बाहेर येतं हे मला स्वतःला पण त्या दिवशीच कळलं.

प्रश्न साधा होता. ८ वाजून २० मिनिटांनी दोन काट्यांमध्ये किती अंशाचा कोन? भाचीने उत्तर लिहिलं १२०. मागे उत्तरसूचीत १३०. तिचा हिशोब असा की तास काटा ८ वर, मिनिट काटा ४ वर, मध्ये चार घरं, एक घर ३० अंशाचं, म्हणजे १२०. ही चूक इतकी कॉमन आहे की ती झाली नाही असा मुलगा मला अजून भेटायचाय. मी तिला सांगितलं की अगं तास काटा ८ वर नसतोच, वीस मिनिटं झाली ना, मग तोही तेवढा पुढे सरकला असणार. ती म्हणाली, "मामा, पण बघ ना वर, ८ वरच आहे."

मी मान वर केली. ओटीच्या भिंतीवर आमचं जुनं गोल घड्याळ, त्यात नेमके आठ वाजून वीस मिनिटं झालेली, आणि तास काटा खरोखर ८ वर होता. वर म्हणजे अगदी वर, उलट किंचित अलीकडेच म्हणा.

इथे मी जरा गप्प झालो. कारण हिशोब तर पक्का आहे. मिनिट काटा ६० मिनिटांत पूर्ण गोल म्हणजे ३६० अंश फिरतो, म्हणजे मिनिटाला ६ अंश. तास काट्याला तेवढंच फिरायला १२ तास लागतात, म्हणजे तासाला ३० अंश आणि मिनिटाला अर्धा अंश. हे दोन वेग हातात असले की बाकी काही पाठ करायची गरज नाही. दोन्ही काटे १२ पासून मोजायचे. ८:२० ला मिनिट काटा २० × ६ = १२० अंशावर. तास काटा ८ × ३० = २४० आणि वर वीस मिनिटांचे १० अंश, म्हणजे २५० वर. फरक १३०. उत्तरसूची बरोबर, त्यात वादाला जागाच नाही. पण पोरीच्या डोळ्यासमोर एक खरं घड्याळ आहे आणि ते तिच्या चुकीच्या उत्तराच्या बाजूने उभं आहे. तिने पुस्तकावर विश्वास ठेवावा की घड्याळावर? मला तिचा प्रश्न रास्त वाटला, आणि "तू सूत्र लाव आणि पुढे जा" असं सांगून तिला गप्प करणं मला पटलं नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, झोपाळ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी तिथूनच निकाल दिला, "घड्याळ बरोबर आसा, गणितच चुकला आसतला." घड्याळाबद्दल त्यांना अभिमान असण्याचं कारण होतं, ते कारण पुढे येईलच.

पहिलं काम म्हणजे मोजणं. डोळ्याला ८ वर दिसतोय म्हणून चालणार नाही, अंशात किती ते हवं. भाचीने मोबाईलवर खालूनच फोटो काढला, वेळ काट्यांप्रमाणे बरोबर ८:२०. मग फोन टेबलावर ठेवून ब्राइटनेस फुल केला, वर ट्रेसिंग पेपर ठेवला, पेन्सिलने हलकेच तीन ठिपके काढले, एक मधल्या खिळ्यावर आणि एकेक दोन्ही काट्यांच्या टोकावर, आणि पट्टीने रेघा जोडून कोनमापक लावला. आलं १२२. म्हणजे १३० पण नाही, १२० पण नाही. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

इथे थांबून एक गोष्ट सांगतो कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आमचं घड्याळ उंच लावलेलं आहे, दरवाजाच्या चौकटीच्या वर. खालून तिरका फोटो काढला की गोल तबकडी उभ्या दिशेने थोडी चेपलेली दिसते, लंबगोल होते, आणि तबकडी चेपली की काट्यांमधला कोन पण बदलतो. साधारण २० अंश तिरकं बघितलं तर अशा स्थितीत दोनतीन अंशांचा फरक पडतो, ८:२० ला दोन्ही काटे खालच्या बाजूला पसरलेले असतात त्यामुळे चेपल्यावर कोन मोठा दिसतो. फोटो तिरका आहे का हे कसं ओळखायचं, तर फोटोतच तबकडीची उंची आणि रुंदी पट्टीने मोजायची, दोन्ही सारखी नसली तर तो फोटो कोन मोजायला कामाचा नाही. आमच्या फोटोत उंची कमी भरली. मग मी स्टूल आणलं, त्यावर चढून घड्याळाच्या अगदी समोर फोन धरला. पहिला फोटो बघून ठिपके काढेपर्यंत चारपाच मिनिटं गेली होती त्यामुळे परत ८:२० मिळणार नव्हते, पण मागच्या बाजूला वेळ लावायचं चाक असतं त्याने मी मिनिट काटा मागे आणून बरोबर ४ च्या रेघेवर ठेवला आणि फोटो काढला. दोन्ही काटे गिअरने जोडलेले असतात, चाक फिरवलं की दोन्ही आपापल्या प्रमाणात फिरतात, म्हणून असं केलेलं चालतं. यावेळी आलं ११९.

म्हणजे हवे होते १३०, आहेत ११९. अकरा अंश कमी. एकदोन अंश इकडेतिकडे झाले असते तर आपण पेन्सिलच्या जाडीवर ढकललं असतं, पण अकरा अंश म्हणजे एका घराचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग. हे मोजमापाची चूक म्हणून सोडता येत नाही.

भाचीला लगेच कारण सुचलं. आमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं. एसटी चुकू नये म्हणून अण्णा ते कायम पुढे ठेवतात, घरातल्या सगळ्यांना माहिती आहे त्यामुळे त्याचा उपयोग शून्य पण ते राहूद्या. तिचं म्हणणं, घड्याळ चुकीची वेळ दाखवतंय म्हणून कोन चुकीचा येतोय. ऐकायला बरोबर वाटतं. पण नाही, आणि का नाही हे समजून घेणं मला या सगळ्या केसमधला महत्त्वाचा भाग वाटतो.

कोन तपासताना आपण घड्याळाला खरी वेळ विचारतच नाही. आपण फक्त एवढं विचारतो की मिनिट काटा जे सांगतोय त्याच्याशी तास काटा सहमत आहे का. मिनिट काटा म्हणतो "वीस मिनिटं झाली". ठीक, मग तास काटा घराच्या एक तृतीयांश आत गेलेला असायला हवा, कारण २० हे ६० चा तिसरा हिस्सा. बाहेर खरे सव्वाआठ असोत नाहीतर दुपारचे दोन, या दोन काट्यांचं आपसातलं नातं बदलत नाही. घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर दोन्ही काटे मिळून पुढे असतील, मिनिट काटा ३० अंश आणि तास काटा अडीच अंश, आणि त्या पुढच्या वेळेचा कोन बरोबरच येईल. म्हणून कोन तपासताना मिनिटं मोबाईलवरून घ्यायची नाहीत, त्याच घड्याळाच्या मिनिट काट्यावरून घ्यायची. मोबाईलप्रमाणे ८:१५ धरून कोन काढला तर २४० वजा ८२.५, म्हणजे १५७.५ यायला हवे होते, आणि ११९ शी ते कुठूनच जुळत नाही. पाच मिनिटांचा दोष असता तर निदान हा तरी आकडा जुळला असता, तोही जुळला नाही, तेव्हा ते कारण बाद.

मग उरलं काय? एकतर तास काटा चुकीच्या जागी बसवलाय आणि कायम तेवढाच मागे आहे, नाहीतर तो सैल झालाय आणि चालता चालता घसरतोय. आमच्याकडे दुसरी शक्यता सोडून देता येत नाही, समुद्र जवळ, खारी हवा, पावसाळ्यात तर भिंतीला घाम फुटतो, पितळी पत्र्याच्या गोष्टी हिरव्या पडतात. या दोन आजारांतला फरक एका मोजणीत कळत नाही. वेगवेगळ्या वेळी मोजायचं. फरक कायम अकराच आला तर काटा चुकीचा बसवलेला, आणि फरक वाढत गेला तर काटा घसरतोय.

म्हणून नऊ वाजता परत फोटो, स्टूलवरूनच. नऊला तर गणित पण नको, सरळ काटकोन, ९०. तास काटा ९ च्या अलीकडे दिसतच होता. ट्रेसिंग पेपरवर आलं १०१.

भाची म्हणाली, मामा मघाशी अकरा कमी होते, आता अकरा जास्त आहेत. काटा मघाशी मागे होता आणि आता पुढे गेला का?

हा प्रश्न ऐकून मला खरंच खूप आनंद झाला, कारण आपण शाळेत जे करायला शिकवतो त्यातली अडचण तिने बोटाने दाखवली होती. आपण काय शिकवतो? दोन काट्यांच्या जागा वजा करा, ऋण आलं तर चिन्ह काढून टाका, १८० पेक्षा मोठं आलं तर ३६० मधून वजा करून लहान कोन लिहा. परीक्षेच्या उत्तरासाठी हे ठीक आहे, कारण तिथे लहान कोनच विचारतात. पण दोष शोधायचा असेल तर हे दोन्ही संस्कार माहिती मारून टाकतात. कोणता काटा कोणाच्या पुढे हेच त्यात पुसलं जातं.

त्यामुळे मी तिला म्हटलं की आता लहान कोन, मोठा कोन विसर, एकच नियम ठेव, मिनिट काट्यापासून निघायचं आणि घड्याळ फिरतं त्याच दिशेने तास काट्यापर्यंत जायचं, जेवढं येईल तेवढं लिहायचं, मग ते ३०० का येईना. याचं सूत्र तेच, ३० × तास − ५.५ × मिनिटं. ३० तासाचे आणि ५.५ कारण दर मिनिटाला मिनिट काटा ६ अंश जातो, तास काटा अर्धा, म्हणजे मिनिट काटा साडेपाचाने पुढे काढतो. उत्तर ऋण आलं तर ३६० मिळवायचे. बस.

आता ८:२० ला मिनिट काटा ४ वर, तिथून घड्याळाच्या दिशेने तास काट्यापर्यंत हवेत १३०, आले ११९. अकरा कमी. ९:०० ला मिनिट काटा १२ वर, तिथून पाऊण वळसा घालून ९ पर्यंत हवेत २७०. आपण मोजलेला लहान कोन १०१ म्हणजे या बाजूने ३६० − १०१ = २५९. अकरा कमी! दोन्ही वेळा अकरा कमी, दोन्ही वेळा तास काटा मागे. मघाशी तास काटा मिनिट काट्याच्या पुढे होता म्हणून मागे राहिल्यावर मधलं अंतर घटलं, आता लहान कोनाच्या हिशोबात मिनिट काटा पुढे आणि तास काटा मागे, म्हणून तो अजून मागे राहिल्यावर अंतर वाढलं. दोष तोच, फक्त बघायची बाजू बदललेली.

ती वहीत हे लिहीत असताना मला आणखी एक पद्धत आठवली जिला कोनमापक लागतच नाही. दोन्ही काटे एकावर एक येण्याची वेळ. १२ ला दोन्ही एकत्र असतात, मग मिनिट काटा पुढे पळतो आणि एक पूर्ण वळसा जास्त मारून तास काट्याला परत गाठतो. ३६० अंशांची आघाडी मिनिटाला साडेपाचाने, म्हणजे ३६० ÷ ५.५ = ६५ पूर्णांक ५/११ मिनिटं, साधारण ६५ मिनिटं २७ सेकंद. दर ६५ मिनिटं २७ सेकंदांनी भेट. बारापासून मोजत गेलं तर नववी भेट ९ वाजून ४९ मिनिटं ५ सेकंदांनी पडते. आता आपला तास काटा ११ अंश मागे आहे म्हणजे मिनिट काट्याला ११ अंश कमी पळावं लागणार, ११ ÷ ५.५ = २, भेट दोन मिनिटं आधी होणार, ९:४७ च्या सुमारास. बघूया का?

पावणेदहाच्या आधी म्हणजे ९:४४ पासूनच ती स्टूलवर चढून बसली (खरंतर साडेनऊलाच बसणार होती, आजीने कैरी किसायला उतरवलं). इथे पण एक युक्ती लागते. काट्यांना जाडी असते, त्यामुळे ते बरोबर एकावर एक कधी आले हे डोळ्याला ठरवता येत नाही, मिनिटभर ते एकत्रच आहेत असं वाटत राहतं. म्हणून मिनिट काट्याची कड तास काट्याला शिवली ती वेळ लिहायची, दुसऱ्या बाजूने पूर्ण बाहेर पडला ती वेळ लिहायची, आणि मधली वेळ घ्यायची. तिने लिहिलं, शिवला ९:४६ ला, सुटला ९:४८ च्या थोडं पुढे. मध्य ९:४७ आणि काही सेकंद. ९:४९ ला मिनिट काटा चांगला मोकळा होऊन पुढे गेलेला सगळ्यांनी पाहिला, अण्णांनी पण, पेपर खाली ठेवून.

कोनमापकाने दोन वेळा अकरा आणि भेटीच्या वेळेनेही दोन मिनिटं म्हणजे अकराच. मी तरीही दुपारची एक मोजणी ठेवली होती, घसरण्याची शंका पूर्ण जायला चारसहा तासांचं अंतर पाहिजे म्हणून. जेवणं झाली, सोलकढीनंतर सगळे आडवे झाले, भाची मात्र जागी. २:५० ला फोटो. हिशोब ६० − २७५ = ऋण २१५, ३६० मिळवले की १४५. तिला मिळालं १३४. परत अकरा कमी. सकाळपासून साडेसहा तासांत फरक जराही वाढला नाही, म्हणजे काटा त्याच्या दांड्यावर घट्ट आहे, गिअर पण बरोबर प्रमाणात फिरतायत, फक्त बसवतानाच तो ११ अंश मागे बसलाय.

आणि आता मला ज्यासाठी हे सगळं लिहावंसं वाटलं ती गोष्ट. ११ अंश मागे म्हणजे वेळेत किती? तास काटा मिनिटाला अर्धा अंश जातो, म्हणजे ११ अंश जायला त्याला २२ मिनिटं लागतात. हा काटा २२ मिनिटं मागे आहे, आणि मिनिट काटा २२ वर असताना तो बरोबर एखाद्या आकड्यावर येतो. भाचीने चाक फिरवून ते बघितलं पण, मिनिट काटा २२ व्या रेघेवर आणला की तास काटा अगदी टोकाने आकड्यावर. मी अण्णांना विचारलं, हे घड्याळ उघडलं होतं का कोणी?

तर उघडलं होतं, त्यांनी स्वतःच. गेल्या पावसाळ्यात सेल फुटून आतलं मशीन गंजलं, बाजारातून नवीन मशीन आणलं, जुन्या तबकडीत बसवलं आणि काटे लावले. त्यांच्या मशीनला दोन्ही काटे नुसते दाबून बसतात. आधी तास काटा, कारण तो खालच्या नळीवर, मग मिनिट काटा वरच्या दांड्यावर. कसे लावले विचारल्यावर म्हणाले, मोबाईलमध्ये वेळ बघितली, चार वाजून गेले होते, तास काटा चारवर दाबला, मिनिट काटा होती तेवढ्या मिनिटांवर दाबला. किती मिनिटं होती ते त्यांना आठवेना, पण आजीला आठवलं की चहा झाला होता आणि साडेचार वाजायचे होते.

म्हणजे अण्णांनी ४:२२ च्या आसपास तास काटा सरळ ४ वर बसवला. ४:२२ ला तो ४ च्या पुढे ११ अंश असायला हवा होता. भाचीने वहीत जे केलं तेच त्यांनी तबकडीवर केलं, पुढचा तास वाजेपर्यंत तास काटा आकड्यावरच थांबलेला असतो असं दोघांनीही धरलं. तिचं चुकीचं उत्तर आणि भिंतीवरचं घड्याळ एकमेकांशी का जुळलं याचं कारण हेच, दोन्हीकडे एकच समजूत होती. ८:२० ला तर ते जवळजवळ तंतोतंत जुळणारच, कारण २० आणि २२ मध्ये फरक तो किती, एक अंशाचा. तिने तोच प्रश्न ८:५० चा सोडवला असता तर घड्याळाने तिला साथ दिली नसती.

एक मर्यादा इथे सांगायला हवी. कोनावरून मिनिटं कळतात, तास कळत नाही. काटा ४ वर दाबला होता की ५ वर हे अकरा अंशांवरून सांगता येत नाही, बाराही आकड्यांसाठी खूण तीच. आणि कोणी तास काटा बरोबर एक पूर्ण घर, ३० अंश, चुकवून बसवला तर काटे आपसात अगदी सहमत असतील, आकड्यावर येतील, भेटीपण बरोबर मिनिटावर होतील, फक्त घड्याळ एक तास चुकलेलं दिसेल. तो दोष कोन तपासून सापडत नाही, त्याला दुसरं घड्याळच लागतं.

आजीने तेवढ्यात एक जुना हिशोब मिटवला. मार्चमध्ये तिला कणकवलीला जायचं होतं आणि सकाळची एसटी चुकली होती, घरातल्यांनी तिलाच दोष दिला की वेळ नीट बघत नाहीस. "माका त्या दिवशी सव्वासातच दिसले," ती म्हणाली. बरोबरच दिसले तिला. घड्याळात सव्वाआठ वाजतात तेव्हा तास काटा ८ च्या पुढे साडेसात अंश असायला हवा, आमचा होता ८ च्या साडेतीन अंश मागे. जो माणूस तास काटा कुठल्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे ते बघून वेळ वाचतो, आणि जुनी माणसं तशीच वाचतात, त्याला ७ आणि ८ च्या मध्ये काटा दिसला तर तो सात वाजून पंधराच म्हणणार. प्रत्येक तासाच्या पहिल्या बावीस मिनिटांत हे घड्याळ असं फसवत होतं. आम्ही बाकीचे फक्त मिनिट काटा बघायचो, तास अंदाजाने धरायचो, म्हणून दहा महिने कोणाला काही कळलं नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची. काच काढली, सेल काढला, आधी मिनिट काटा वर ओढून काढला, मग तास काटा, दोन्ही बाजूंनी नखांनी सारखा जोर देऊन, एका बाजूने उचकटलं तर नळी वाकते. मग तास काटा बरोबर १२ वर दाबला आणि त्यावर मिनिट काटा पण बरोबर १२ वर. बारा ही एकच वेळ अशी आहे की दोन्ही काटे आकड्यावर पण असतात आणि एकमेकांवर पण, म्हणून चूक झाली तर लगेच डोळ्यात भरते. अण्णांना तीनवर बसवायचं होतं कारण तीन वाजून गेलेच होते, तेही चाललं असतं, मिनिट काटा १२ वर असला की तास काटा कुठल्याही आकड्यावर चालतो. फक्त मधल्या वेळेला आकड्यावर दाबायचा नाही. मग चाक पुढच्या दिशेनेच फिरवून वेळ लावली. पुढच्याच दिशेने का, तर गिअरच्या दातांमध्ये थोडा ढिलेपणा असतो, मागे फिरवून थांबलं तर तास काटा एकदोन अंश मागेपुढे राहू शकतो आणि आपण परत दोष शोधत बसतो. (सकाळचा माझा ८:२० चा फोटो मी चाक मागे आणून काढला होता, तेव्हा हे लक्षात नव्हतं. नऊची आणि २:५० ची मोजणी नुसत्या चालत्या घड्याळावरची होती आणि तीही तेवढीच आली म्हणून निभावलं.)

संध्याकाळी ८:२० ला लाईट होती हे नशीब. स्टूल, फोटो, ट्रेसिंग पेपर. १३१ आलं. पेन्सिलच्या रेघेएवढा फरक, तो आम्ही मान्य केला. तास काटा ८ आणि ९ च्या मध्ये, घराच्या तिसऱ्या हिश्शावर, आणि भाचीने सराव संचातलं १२० खोडून १३० लिहिलं, पण शेजारी बारीक अक्षरात ११९ लिहून त्याला गोल केला.

दुसऱ्या दिवशी जेवताना अण्णांनी तिला विचारलं, बारानंतर काटे परत कधी भेटणार. तिने बोटांवर नाही, तोंडीच सांगितलं, एक वाजून पाच मिनिटं सत्तावीस सेकंद, घड्याळातल्या वेळेने, खऱ्या नाही, कारण तुम्ही परत पाच मिनिटं पुढे लावलंय. अण्णांनी हात धुतले, झोपाळा घड्याळाच्या समोर येईल असा वळवून घेतला आणि एकला दोन मिनिटं असतानाच येऊन बसले.